सल्ला : मिसळीची फ्रँचायझी द्यायची, पण कशावर कमवायचं?

‘कराडला आमचं मिसळीचं दुकान आहे, नऊ वर्षं झाली. दुसरं दुकान दीर इस्लामपूरला चालवतात, तेही बरं चालतं. मसाला सासूबाई घरी करतात. गेल्या वर्षभरात चिपळूण, पुणे, बेळगावहून माणसं येऊन फ्रँचायझी मागतायत. एका सल्लागाराने सांगितलं, पाच लाख फी आणि विक्रीच्या आठ टक्के रॉयल्टी घ्या, करारपत्र तो करून देईल. आमचे हे म्हणतात, घेऊन टाकू. मला धास्ती वाटते की नाव तरी खराब होईल, नाहीतर सगळं शिकून घेऊन ते लोक आपलंच दुकान टाकतील. किती पैसे घ्यावेत, काय शिकवावं आणि चव तीच राहील हे कसं बघावं?’
– एक मिसळवाली, कराड

ताई,

सल्लागाराचे आकडे आधी कागदावर मांडून बघू. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

समजा, चिपळूणच्या माणसाने दुकान टाकलं. रोज १२० प्लेटी, जीएसटी सोडून ९० रुपये प्लेट, महिन्याचे तीस दिवस धरले तर विक्री ३ लाख २४ हजार. मटकी, फरसाण, पाव, कांदा, तेल, मसाला मिळून माल साधारण ३८ टक्के, म्हणजे १ लाख २३ हजार. यात मसाला तुमच्या खर्चाच्या भावानेच धरलाय, तुमचा नफा अजून घातलेला नाही. आचारी, मदतनीस, वाढपी आणि भांडी घासणारी बाई, चौघांचे पगार ६४ हजार. भाडं ३५ हजार. व्यावसायिक सिलिंडर १५ हजार, वीज-पाणी ९ हजार. पार्सलचे डबे, ऑनलाइन ऑर्डरचं कमिशन, फुटतूट मिळून १२ हजार. खर्चाची बेरीज २ लाख ५८ हजार. हातात राहिले ६६ हजार. तो माणूस स्वतः सकाळी सहापासून गल्ल्यावर बसणार असेल तर त्याचा पगार म्हणून निदान २५ हजार बाजूला काढा. धंद्याचा खरा नफा उरला ४१ हजार.

आता आठ टक्के रॉयल्टी लावा. २५,९२० रुपये होतात. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी आहे, तो धरून ३०,५८६. इथे एक गोष्ट सल्लागार सहसा सांगत नाहीत. खाण्याचं साधं दुकान गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेतं, पण त्या दरात त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे तुमच्या फीवरचा आणि रॉयल्टीवरचा १८ टक्के कर त्या माणसाच्या खिशातून कायमचा जातो. महिन्याला त्याच्याकडे उरले दहा हजार चारशे. दुकान उभं करायला दहा लाख आणि तुमची फी करासह ५ लाख ९० हजार, मिळून १५ लाख ९० हजार त्याने घातलेत. दहा हजार चारशेने ते फिटायला पावणेतेरा वर्षं लागतील. तो एवढी वाट बघणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत रॉयल्टी थकवेल, मग विक्री कमी दाखवेल, मग कटात पाणी घालेल. माणूस वाईट असेल असं नाही. आकडाच त्याला तिकडे ढकलतो. नाव खराब होण्याची तुमची धास्ती खरी आहे, फक्त तिचं मूळ या फीच्या आकड्यात आहे.

मी हे तुमच्यासारख्या दुकानाचे ढोबळ आकडे घेतलेत. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशेब करा, आणि तोही अशा दुकानाचा जे तुमच्या घरच्या माणसांशिवाय चालतंय. माझी खरी शंका इथेच आहे. कराडची जागा तुमच्या मालकीची आहे का? असेल तर तिचं भाडं तुमच्या हिशेबात कधी आलंच नाही. सासूबाईंची मजुरी कुणी धरली नसणार. इस्लामपूरला दीर बसतात, म्हणजे घरचाच डोळा. दोन्ही दुकानं चालतात, पण ती भाडं, पगार आणि परकी माणसं यांच्यावर चालून दाखवलेली नाहीत, आणि फ्रँचायझी घेणारा नेमकं तेच घेऊन बसणार आहे. म्हणून कुणाला काही द्यायच्या आधी तिसरं दुकान स्वतःच्या खर्चाने टाका. दुसऱ्या गावात, बाजारभावाने भाडं देऊन, घरचं कुणीही न बसवता, पगारी माणसावर. ते एक पूर्ण वर्ष चालू द्या. मे महिन्यातली सकाळ, कांदा-लसूण न खाणाऱ्यांचा श्रावण, पावसाळा आणि दिवाळी हे सगळं त्यातून जाऊ दे. ते दुकान मालकाचा पगार सोडून नफा दाखवत असेल तर तुमच्याकडे विकण्यासारखं काहीतरी आहे. चिपळूण-पुण्याच्या लोकांना तोवर थांबायला सांगा. जो वर्षभर थांबत नाही तो पाच वर्षं सकाळी सहाला कुलूप काढेल याची मला खात्री वाटत नाही.

आता पैसे. सुरुवातीच्या फीमध्ये नफा ठेवू नका, फक्त तुमचा खर्च वसूल करा. फीमध्ये नफा असला की तुम्ही दुकानं उघडून कमवायला लागता, मग ती चालली काय आणि बंद पडली काय, तुम्हाला फरक पडेनासा होतो. खर्च साधारण असा येईल : दोघांना तीन आठवडे शिकवायचं, त्यांचं राहणं-जेवण आणि शिकताना वाया जाणारा माल धरून ३० हजार. दुकान उघडताना तुमचा माणूस तिथे पंधरा दिवस राहणार, त्याचा पगार, प्रवास, मुक्काम ३५ हजार. जागा बघायला आणि स्वयंपाकघराची मांडणी करायला तुमच्या फेऱ्या १५ हजार. वकील आणि मुद्रांक १५ हजार. हे झाले ९५ हजार. पहिल्या वर्षी दर महिन्याला एकदा अचानक जाऊन तपासणी करायची, त्याचे ५५ हजार. एकूण दीड लाख. त्यावर १८ टक्के कर २७ हजार. शिवाय ५० हजार अनामत घ्या. ती फीपेक्षा वेगळी दाखवा आणि परत करायच्या अटी लिहा. परत द्यायच्या अनामतीवर कर लागत नाही.

रॉयल्टीबद्दल माझं मत असं की विक्रीवर टक्का घेऊच नका. तुमची कमाई मसाल्यात ठेवा.

का ते सांगते. विक्रीवर टक्का घ्यायचा तर रोजची विक्री कळायला हवी, आणि रोख पैशाचा निम्मा धंदा असलेल्या मिसळीच्या दुकानात ती तुम्हाला कराडमधून कधीच खरी कळणार नाही. बिलाचं मशीन तुमचं असलं तरी बिल न करता प्लेट देता येते. मसाल्याचं तसं नाही. तो तुमच्याकडूनच जातो, त्याचं वजन तुम्हाला माहीत असतं. प्लेटीला १५ ग्रॅम कोरडा मसाला धरला तर ३,६०० प्लेटींना ५४ किलो लागतो. तुमचा खर्च किलोला ३३० असेल आणि तुम्ही ५१०ला दिलात, तर किलोमागे १८० प्रमाणे महिन्याला ९,७२० रुपये. तीन टक्के रॉयल्टी घेतली असती तरी बरोबर एवढेच आले असते. पण रॉयल्टीवर १८ टक्के कर जातो, मसाल्यावर ५. त्या माणसाला रॉयल्टीचे ११,४७० पडले असते, मसाल्यातून तेच १०,२०६ पडतात. त्याचे ४१ हजार जाऊन तीस हजार आठशे उरतात. गुंतवणूक दहा लाख आणि फीचे १ लाख ७७ हजार. स्वतःचा पगार वेगळा घेऊनही साधारण तीन वर्षं दोन महिन्यांत पैसे सुटतात. पाच वर्षांच्या करारात हे बसतं.

या पद्धतीवर एक जुना आणि रास्त आक्षेप आहे. रे क्रॉकने १९५५ साली मॅकडोनाल्ड्सच्या शाखा द्यायला सुरुवात केली तेव्हा फी ९५० डॉलर होती आणि विक्रीचे १.९ टक्के, त्यातलाही अर्धा टक्का मूळच्या मॅकडोनाल्ड बंधूंचा. शाखांना माल विकून त्यावर नफा घ्यायचा नाही हे त्याने ठरवून टाळलं. कारण एकदा मालावर कमवायची सवय लागली की मालक भाव चढवत जातो, शाखावाला बाहेरून स्वस्त माल आणतो आणि दोघं एकमेकांचे वैरी होतात. हे तुमच्याही बाबतीत होऊ शकतं. त्यावर उपाय करारातच लिहा : मसाल्याचा भाव म्हणजे खर्च अधिक किलोला १८० रुपये. टक्क्यात नको, ठरावीक रुपयात. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचे भाव वर्षागणिक बरेच वर-खाली होतात. टक्का ठेवलात तर मिरची महागली की तुमचा नफा वाढतो आणि तेव्हाच त्या माणसाचा घटतो. ठरावीक रुपयात ती भानगड राहत नाही. मिरची, धने आणि गरम मसाल्याच्या खरेदीची बिलं दर सहा महिन्यांनी सगळ्या शाखांना दाखवा आणि मगच भाव बदला. प्रमाण दाखवायची गरज नाही, भाव दाखवा.

आणि हीच मसाल्याची वही तुमची चवीची तपासनीस आहे. आधी तुमच्या तिन्ही दुकानांत महिनाभर गेलेला मसाला आणि केलेल्या प्लेटी यांचा भागाकार काढा. आपल्याकडे रस्सा मागेल तेवढा वाढतात, तोही त्या आकड्यात आपोआप येतो. १५ ग्रॅम हा माझा अंदाज आहे, तुमचा आकडा १३ येईल किंवा १८. तो आला की शाखेची वही वाचता येते. बिलं ३,६०० प्लेटींची आणि मसाला नेला ४० किलो, तर कट पातळ होतोय किंवा बाहेरचा मसाला मिसळला जातोय. मसाला ५४ किलो आणि बिलं २,७०० प्लेटींची, तर आचाऱ्याचा हात सैल आहे किंवा बिलाशिवाय विक्री होतेय. पहिली तफावत तुमच्या नावावर उठणारी आहे, त्याच आठवड्यात गाडी काढा. दुसरीत तुमचा पैसा बुडत नाही, पण त्याला सांगा. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून द्यायचा.

मसाला सुटा देऊ नका. एका पातेल्याचं एक पाकीट करा, ५० प्लेटींच्या कटाला ७५० ग्रॅम. अख्खं पाकीट फोडायचं आणि अख्खं टाकायचं, शाखेत मसाल्यापुरता तराजू नको आणि ‘जरा जास्त टाक’ही नको. पाकिटात फक्त कोरडा मसाला : मिरची, धने, लवंग, दालचिनी, दगडफूल आणि सासूबाईंचं जे काही असेल ते. सुकं खोबरं, कांदा, आलं-लसूण शाखेतच रोजच्या रोज भाजून वाटायचं. खोबरं मसाल्यात घातलं की काही आठवड्यांत खवट वास मारायला लागतो, आणि कोकणातल्या दमट हवेत तर आणखी लवकर. शिवाय अर्धी कृती शाखेत आणि अर्धी तुमच्याकडे राहते. शिकून स्वतःचं दुकान टाकण्याची जी भीती तुम्हाला आहे, तिच्यावर मला माहीत असलेला हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

करारातल्या ‘पाच वर्षं मिसळीचा धंदा करणार नाही’ या कलमावर फार विसंबू नका. भारतीय करार कायदा १८७२च्या कलम २७प्रमाणे कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. करार चालू असताना दुसरं मिसळीचं दुकान काढायचं नाही ही अट न्यायालयं साधारणपणे मानतात. करार संपल्यावरची बंदी मात्र सहसा टिकत नाही. आपल्याकडे फ्रँचायझीचा असा स्वतंत्र कायदाही नाही, सगळं करार कायदा आणि ट्रेडमार्कच्या जोरावर चालतं. तुमच्या हातात राहतं ते नाव आणि पाकीट.

आता सासूबाईंचा हात. कृती लिहून काढायला त्यांना विचारू नका, त्या ‘अंदाजाने घालते’ म्हणतील आणि ते खरंच असेल. परात वजनकाट्यावर ठेवा आणि त्यांना नेहमीसारखं करू द्या. प्रत्येक जिन्नस पडला की काट्यावरचा आकडा लिहायचा. भाजण्याची वेळ घड्याळावर बघायची आणि धने कुठल्या रंगावर उतरवले त्याचा फोटो काढायचा. हे पाच-सहा वेळा केलं की कुठला जिन्नस दरवेळी सारखा पडतो आणि कुठला मिरचीच्या तिखटपणाप्रमाणे बदलतो हे कळतं. जे बदलतं तेच शिकवायचं असतं. नवीन मिरची आली की आधी अर्धा किलो मसाला करून त्याचा कट चाखायचा आणि मग मोठा घाणा घालायचा, हा नियम त्यातून निघेल. पाच शाखांना महिन्याला पावणेतीनशे किलो मसाला लागेल, तो सासूबाईंच्या हातून होणार नाही. तेव्हा भाजणारी दुसरी दोन माणसं आत्तापासूनच तयार करा.

शिकायला दोघं हवेत, आचारी आणि पैसे घालणारा मालक. नुसता आचारी पाठवणाऱ्याला नाही म्हणा. आचारी चार महिन्यांत सोडून जातो आणि मग मालकाला मिसळ येत नाही. तीन आठवड्यांतला पहिला आठवडा फक्त मटकी, कांदा आणि भांडी. मटकी दिसायला सोपी असते, पण नव्या दुकानात सगळ्यात आधी तीच बिघडते. आठ तास भिजवून, निथळून फडक्यात बांधल्यावर मे महिन्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीस तासही लागतात. वेळ पाठ करून चालत नाही. दाण्याएवढा मोड आला की थांबवायचं आणि थंड जागी ठेवायचं. हात घातला की बोटांना चिकट तार लागली किंवा आंबूस वास आला तर ती मटकी टाकायची, धुऊन वापरायची नाही. हे तिथल्या तिथे टाकून दाखवा, कारण पैसे घातलेल्या माणसाला पाच किलो मटकी फेकवत नाही. दुसऱ्या आठवड्यात कट, आणि तो मालकाने स्वतः करायचा. तिसऱ्यात सकाळची गर्दी, गल्ला, माल मागवणं आणि वही. शेवटच्या तीन दिवशी मालकाने केलेला कट तुमच्या दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकांना न सांगता वाढा. कुणी ‘आज काय झालं’ असं विचारलं तर आणखी एक आठवडा. करारात हे असंच लिहा, की परीक्षा पास झाल्याशिवाय दुकान उघडायचं नाही.

तपासणीला जाल तेव्हा चाळीस प्रश्नांचा तक्ता नेऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, न कळवता, दुपारी बाराच्या पुढे जा. सकाळी आठला सगळ्यांचाच कट चांगला असतो. बारानंतर पातेलं तळाला येतं, गिऱ्हाईक अजून असतं आणि गरम पाण्याचा तांब्या हाताशी असतो. त्या वेळचा कट ओगराळ्यात घेऊन वाटीत ओता. तवंग लगेच वेगळा होऊन खाली नुसतं लाल पाणी दिसलं तर पाणी पडलंय, वाटणाचा कट एवढ्या झटकन फाटत नाही. मग मिठाची चव बघा. नंतर बरणीतलं फरसाण चावून बघा, मऊ पडलंय का, खवट तेलाचा वास येतो का. पावसाळ्यात चिपळूणला ही तक्रार हमखास येणार, त्यामुळे तिथे आठवड्यातून दोनदा थोडं थोडं फरसाण मागवायची पद्धत ठेवा. शेवटी रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा मोजा. पाकिटं फोडल्यावर टाकायची नाहीत, तुमचा माणूस येईपर्यंत ठेवायची. ओगराळं सगळ्या शाखांना तुम्हीच द्या, एकाच मापाचं. पाव कुठल्या बेकरीचा हे त्या गावावर सोडा, फक्त वजन ठरवा. पुण्यात कुणाला ब्रेडच्या स्लाइस हव्या असतील तर असू देत, त्याने तुमची मिसळ बदलत नाही.

चूक सापडली तर पहिल्यांदा लेखी सांगायचं, दुसऱ्यांदा तुमचा माणूस त्याच्या खर्चाने आठ दिवस तिथे बसवायचा, तिसऱ्यांदा मसाला बंद. दंडाच्या मोठ्या रकमा लिहू नका. करारात आकडा कितीही लिहिला तरी न्यायालय रास्त भरपाईच देतं, आणि तोवर तुमची दोन वर्षं जातात. मसाला बंद झाला की दुकानाला तुमचं नाव वापरता येत नाही, हे कलम मात्र ठळक लिहून घ्या.

नावाचं काम आजच सुरू करा, तिसऱ्या दुकानासाठी थांबू नका. दुकानाचं नाव ट्रेडमार्कच्या ४३व्या वर्गात येतं, ती खाण्यापिण्याच्या सेवेची नोंद. मसाल्याची पाकिटं त्याच नावाने जाणार म्हणून ३०व्या वर्गातही अर्ज करा. एकट्या मालकाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे ४,५०० रुपये. ‘मिसळ’ हा शब्द कुणाच्याच मालकीचा होत नाही. नुसतं गावाचं नाव असेल तर तेही अडतं. तुमच्या पाटीवर तेवढंच असेल तर त्याला वेगळा शब्द आणि चिन्ह जोडून अर्ज करा. अर्ज मंजुरीच्या वाटेवर आला की सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो आणि हरकतींसाठी चार महिने मिळतात. नोंदणी हातात आल्यावर ती दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होईपर्यंत नाव चोरणाऱ्याविरुद्ध फक्त ‘आमचं नाव सांगून फसवतो’ असा दावा करता येतो, आणि त्यात तुमची जुनी ओळख तुम्हालाच सिद्ध करावी लागते. जुनी बिलं, पाटीचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं आत्ताच एका फायलीत लावा.

अन्न परवाना दर जागेला वेगळा लागतो. शाखेचा शाखावाल्याच्या नावावर असू दे. तुमचा मसाला आता दुसऱ्याला विकला जाणार, तेव्हा तो घरच्या स्वयंपाकघरातला प्रकार राहत नाही. मसाला जिथे होतो त्या जागेची उत्पादक म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे एफएसएसएआयकडे नोंद करा आणि पाकिटावर तो क्रमांक, घाण्याचा क्रमांक आणि मुदत छापा. घाण्याचा क्रमांक तुमच्यासाठीही कामाचा आहे, तक्रार आली की कुठली मिरची होती ते लगेच सापडतं.

सीएला एक प्रश्न आवर्जून विचारा. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांना उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची सवलत देणाऱ्या योजनेत असाल, आणि तुमच्याएवढी बरीच दुकानं असतात, तर दोन अडचणी आहेत. त्या योजनेत राहून दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, म्हणजे बेळगावला मसाल्याची पाकिटं पाठवता येणार नाहीत. आणि खाण्याच्या दुकानाव्यतिरिक्त इतर सेवांची कमाई वर्षाला उलाढालीच्या दहा टक्के किंवा पाच लाख, यातलं जे जास्त असेल तेवढ्यापर्यंतच चालते. एका वर्षात चार शाखांची फी आली की सहा लाख होतात. शाखा आणि मसाला यांच्यासाठी वेगळी भागीदारी संस्था काढायची की योजनाच सोडायची, हे पहिली फी घ्यायच्या आधी ठरवा. माझं विचाराल तर पहिली शाखा चिपळूणला द्या. गाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, राज्य तेच, आणि मुंबई-गोवा महामार्गावरचं गिऱ्हाईक मिळेल. पुण्यात मिसळीची स्पर्धा आणि भाडी दोन्ही तुमच्या पहिल्या शाखेला झेपणारी नाहीत.

करारपत्र सल्लागाराच्या छापील नमुन्यावर करू नका, ट्रेडमार्कची कामं केलेल्या वकिलाकडून करून घ्या. मुदत पाच वर्षं. हद्द गावाच्या नावाने न लिहिता किलोमीटरमध्ये लिहा, नाहीतर ‘चिपळूण’ म्हणजे शहर की तालुका यावर भांडण होतं. आणि एक गोष्ट जी मी पाहिलेल्या बऱ्याच करारांत नसते : गूगलवरची दुकानाची नोंद, झोमॅटो-स्विगीचं खातं, इन्स्टाग्रामचं पान आणि पाटीवर छापलेला फोन नंबर हे सगळं पहिल्या दिवसापासून तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या सिमवर उघडा, शाखावाल्याला फक्त वापरायला द्या. करार संपल्यावर पाटी उतरवून तो दुसऱ्या नावाने त्याच जागी दुकान चालवू शकेल, त्याला कुणी अडवणार नाही. पण चार वर्षांचे शेरे आणि फोटो असलेली नोंद त्याच्या खात्यावर असली, तर गिऱ्हाईक नकाशा बघून त्याच्याचकडे जातं आणि नोंदीचं नाव तो बसल्या जागी बदलतो. शिल्लक न फोडलेली पाकिटं मुदतीत असतील तर खरेदीच्या भावाने परत घ्यायची आणि नोंदीचा ताबा पूर्णपणे तुमच्याकडे आल्यावर पंधरा दिवसांत अनामत द्यायची, असं तारखांसह लिहून घ्या.